खड्ड्याचे अक्षांश-रेखांश: अंक किती द्यायचे?

> खड्ड्याचे आकडे अर्जात दिले, तरी प्रभाग कार्यालयाचा माणूस म्हणतो जागाच सापडली नाही. काय चुकलं?

दशांशानंतर तीनच अंक दिले असणार. मीही तसंच 19.876, 75.343 लिहिलं होतं. कनिष्ठ अभियंता शेजारच्या गल्लीत शोधून परत गेला. तिसऱ्या अंकाची एक पायरी म्हणजे जवळपास 110 मीटर, पाचव्याची जेमतेम एक. दुसऱ्या अर्जात 19.87618, 75.34327 लिहिलं. तेही फोनच्या नकाशावर आपली जागा दाखवणाऱ्या निळ्या ठिपक्यावरून नाही, तो इमारतींत सरकतो. नकाशावर खड्ड्याच्या जागी बोट दाबून धरायचं, पिन पडते.

अक्षांश आधी. आपल्या मराठवाड्यात पहिला आकडा सत्तरीतला दिसला की उलटं झालंय समजा.

जवळच्या विजेच्या खांबाचा नंबर आणि खोलीही लिहा. आमचा गुडघाभर होता, पाऊस पडला की दिसायचाच नाही. आणि पोचप्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका.