नव्या नोकरीची पोस्ट: जुन्या कंपनीचे आभार मानायचे तरी किती?

बाणेरची_टेस्टर: सहा वर्षं एका छोट्या कंपनीत टेस्टिंग केलं. सोमवारी मोठ्या कंपनीत टेस्ट लीड म्हणून रुजू होतेय. लिंक्डइनसाठी लिहिलंय: "अखेर स्वप्न साकार! शेकडो उमेदवारांतून माझी निवड झाली. सहा वर्षांच्या संघर्षानंतर मोठी झेप. जुन्या कंपनीचे मनःपूर्वक आभार." नवरा म्हणतो, फुशारकी वाटते. जुने मॅनेजरही वाचणार. काय बदलू?

गप्प_बरा: पोस्टच टाकू नकोस. प्रोफाइलमध्ये नवं पद भर, Notify network बंद ठेव. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

भरतीवाली_ताई: मग उद्या हिलाच टीमसाठी माणसं हवी असतील तेव्हा ही कुठे गेली ते कुणाला माहीत असणार? पोस्ट टाकच गं. फुशारकी त्या शेकडो उमेदवारांत आहे, ती ओळ काढ. आणि "अखेर", "संघर्ष" लिहून खाली आभार मानलेस तर मॅनेजरांना टोमणाच वाटेल. आभार एका कामाला बांध: "सोमवारपासून टेस्ट लीड म्हणून रुजू झाले. हाताने तपासणाऱ्या मला ऑटोमेशन शिकायला जुन्या टीमने वेळ दिला, रिलीजच्या आदल्या रात्रीही माझे प्रश्न ऐकले. तेच काम आता मोठ्या टीमसोबत." बास. क्लायंटचं नाव मात्र कुठेही नको, करारात बहुधा मनाई असते. मॅनेजरांना आधी फोन कर. बातमी त्यांना फीडमधून कळू नये.

नोटीसपीरियड९०: आणि रिलीव्हिंग लेटर हातात पडेपर्यंत थांब. मी ऑफर आल्याच्या दिवशीच टाकली होती. नोटीसचे तीन महिने जुन्या ऑफिसात सगळे "अजून इथेच?" विचारायचे. त्यात नव्या कंपनीने जॉइनिंग पुढे ढकललं.

गप्प_बरा: म्हणूनच म्हणतो, टाकू नका!

भरतीवाली_ताई: अहो, तो घाईचा दोष, पोस्टचा नाही. रुजू होऊन आठवडाभराने टाकली तरी कुणी शिळी म्हणत नाही.

रोखठोक_नाशिककर: मला हे आभारच पटत नाहीत. सहा वर्षं काम केलं, पगार घेतला, हिशेब चुकता. माझी पगारवाढ दोनदा अडवणाऱ्यांना मी धन्यवाद का म्हणू? नाव, पद, तारीख, संपलं.

भरतीवाली_ताई: मग नका म्हणू. खोट्या आभारांपेक्षा कोरी पोस्ट बरी. पण हिला तिथे खरंच कुणी शिकवलं असेल तर का लपवायचं?

बाणेरची_टेस्टर: शिकवलं हो, मॅनेजरांनीच. त्यांना टॅग करू का? आणि नव्या एचआरने वेलकम किटसोबत तयार मजकूर पाठवलाय, "स्वप्नातली कंपनी" वगैरे. तोच टाका म्हणतात.

भरतीवाली_ताई: टॅग त्यांना विचारूनच कर. आपला माणूस सोडून गेल्याच्या पोस्टवर आपलं नाव सगळ्यांनाच रुचत नाही. एचआरला किटचा फोटो दे, मजकूर तुझा ठेव.

रोखठोक_नाशिककर: पहिल्याच आठवड्यात एचआरला नाही म्हणायचं? ताई, बोलणं सोपं आहे.