यूपीएनपी बंद केल्याने म्हणे काहीच बिघडत नाही!

मूळ पोस्ट, सावधचिंतू: राउटरवरचं यूपीएनपी, म्हणजे घरातल्या यंत्रांना स्वतःच बाहेरचे पोर्ट उघडू देणारी सोय, आजच बंद करा. काहीही बंद पडत नाही. ज्यांचे गेम अडतात त्यांनी एक्सबॉक्सचा ३०७४ पोर्ट हाताने फॉरवर्ड करावा आणि गप्प बसावं.

पोर्टपंडित: हे वाचून राहवलं नाही. एकच कन्सोल असेल तर तुमचं चालेल. घरात दोन एक्सबॉक्स आले की ३०७४ कुणाला देणार? बाहेरचा एक पोर्ट एकाच आयपीकडे जातो. यूपीएनपी चालू असताना दुसरं कन्सोल राउटरकडून वेगळा पोर्ट मागून घेतं. बंद केलंत की त्याचा नॅट प्रकार बसतो `Moderate` किंवा `Strict` वर. `Strict` वाल्याची गाठ फक्त `Open` वाल्याशी पडते, त्यामुळे लॉबी रिकामी आणि पार्टी चॅट मुकं. डेडिकेटेड सर्व्हरवरच्या गेमला मात्र फारसा फरक पडत नाही, म्हणून तुम्हाला वाटतं सगळं आलबेल आहे.

टीव्हीवाला: आणि फोनवरून टीव्हीवर व्हिडिओ टाकणंही बंद होणार! ते कुणी सांगत नाही.

पोर्टपंडित: नाही हो. टीव्ही शोधणं घरातल्या घरात चालतं, राउटरच्या पोर्ट उघडण्याशी त्याचा संबंध नाही. नाव सारखं म्हणून गोंधळ. टीव्ही सापडेनासा झालाच, तर फोन गेस्ट वायफायवर आहे का ते आधी बघा.

टीव्हीवाला: बरं, मान्य. पण ज्या राउटरांच्या मेनूत एकाच बटणाला दोन्ही बांधलंय, त्यांचं काय?

सावधचिंतू: विषयावर या. कॉनफिकर हा संगणकी किडा २००८ सालीच राउटरला यूपीएनपीने पोर्ट उघडायला लावत होता. पासवर्ड नाही, परवानगी नाही, घरातलं कुठलंही यंत्र मागतं आणि राउटर देतो. स्वस्त कॅमेरा परस्पर स्वतःला इंटरनेटवर टांगून घेतो, तेही कारखान्याच्या पासवर्डसकट.

पोर्टपंडित: कॅमेऱ्याचा मुद्दा खरा आहे, नाइलाजाने मान्य. पण मालवेअर आत शिरलंच असेल तर त्याला यूपीएनपीची गरज काय? ते आतून बाहेर फोन लावतं, बटण बंद असलं तरी.

रात्रपाळी: माझ्याकडे दोनच कन्सोल आहेत, यूपीएनपी बंद आहे आणि दुसऱ्यावर `Strict` येतं. भांडण नंतर करा, करायचं काय ते सांगा.

पोर्टपंडित: दोन्ही कन्सोलांना राउटरवर आयपी राखून ठेवा, नाहीतर उद्या आयपी बदलला की नियम चुकीच्या यंत्राकडे जाईल. पहिल्याच्या आयपीकडे ३०७४ यूडीपी पाठवा. दुसऱ्यावर `Settings > General > Network settings > Advanced settings > Alternate port selection` मध्ये हाताने पोर्ट निवडा आणि नेमका तोच पोर्ट, यूडीपी, दुसऱ्या आयपीकडे पाठवा. मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून कन्सोल पूर्ण बंद करा. नुसतं झोपवून उठवलंत तर जुनाच निकाल दाखवत राहील. शेवटी `Test NAT type`. एक खोच राहते: काही गेम कन्सोलच्या पोर्टाकडे न बघता ३०७४च धरून बसतात. तिथे दुसऱ्याचा उपाय हाताने होत नाही.

जुनाखेळाडू: हे सगळं फुकट, जर इंटरनेट कंपनीने तुम्हाला सीजीनॅटमध्ये, म्हणजे अनेक घरांना मिळून एकाच बाहेरच्या आयपीमागे, कोंबलं असेल. राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे बाहेरच्या बाजूचा आयपी, बघा. `100.64` ते `100.127` मध्ये सुरू होत असेल, तर तुमचा पोर्ट तुमच्या हातात नाही. यूपीएनपी चालू ठेवा, बंद ठेवा, आरती करा. आणि अनेक राउटर तरीही 'पोर्ट उघडला' असंच छापतात, हा खरा संताप!

रात्रपाळी: माझा `192.168` दिसतोय, वॅनचाच.

जुनाखेळाडू: मग राउटरमागे राउटर आहे. कंपनीच्या डब्याला ब्रिजमध्ये टाकायला सांगा, म्हणजे तो राउटरगिरी सोडून नुसती जोडणी पुढे देईल. तोवर पोर्टपंडितांचे नियम आतल्या भिंतीपर्यंतच पोचतील.

सावधचिंतू: म्हणजे सीजीनॅटवाल्यांनी तरी बंद ठेवायला हरकत नाही? आभार.

पोर्टपंडित: त्यांनी खुशाल बंद ठेवावं. टॉरेंटचं डाउनलोड बाहेरची जोडणी आत न येताही चालेल, सीडिंग मंदावेल. घरचा माइनक्राफ्ट सर्व्हर मात्र मित्रांना दिसणार नाही, २५५६५ हाताने उघडावा लागेल, आणि सीजीनॅटमागे तोही उघडणार नाही. बाकी राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त फर्मवेअर असेल तर तिसरा मार्ग आहे. यूपीएनपी चालू, पण फक्त दोन कन्सोलांना:

```
allow 1024-65535 192.168.1.50/32 1024-65535
allow 1024-65535 192.168.1.51/32 1024-65535
deny 0-65535 0.0.0.0/0 0-65535
```

नियम वरून खाली वाचले जातात, त्यामुळे `deny` शेवटीच हवा. वर गेला की कन्सोलही उपाशी.

सावधचिंतू: हे आधी सांगितलं असतंत तर वीस प्रतिसाद वाचले असते.

पोर्टपंडित: 'काहीही बंद पडत नाही' असं तुम्ही लिहिलं नसतंत तर एकही लागला नसता.

टीव्हीवाला: दोन बटणांचं उत्तर कुणी देणार आहे का?