मदत हवी आहे: दोन मशीन, दोन्हींचा एआरआर 25 टक्के, मग एनपीव्ही वेगळा का येतो?

रबाळेची_पुतणी

नमस्कार. काकांचं रबाळे एमआयडीसीत पुठ्ठ्याच्या खोक्यांचं युनिट आहे, हिशेब मी बघते. एक नवीन मशीन घ्यायचं आहे आणि जागा एकाचीच आहे. डाय-कटिंगचं घेतलं तर एका जुन्या ग्राहकाचं काम लगेच मिळेल, पुढे ते कमी होत जाईल. प्रिंटिंगचं घेतलं तर सुरुवात हळू होईल, पण गिऱ्हाईक जमत जाईल. किंमत दोन्हींची 12 लाख, आयुष्य 4 वर्षं धरलंय, शेवटी भंगाराची किंमत शून्य. करही तूर्त बाजूला ठेवलाय.

दरवर्षी खर्च वजा जाता हातात येणारी रोकड, लाखांत:

डाय-कटिंग: 6, 5, 4, 3
प्रिंटिंग: 3, 4, 5, 6

घसारा वर्षाला 3 लाख. म्हणजे नफा डाय-कटिंगचा 3, 2, 1, 0 आणि प्रिंटिंगचा 0, 1, 2, 3. दोन्हींची सरासरी दीड लाख. सरासरी गुंतवणूक 6 लाख, म्हणून दोन्हींचा एआरआर 25 टक्के. काका म्हणतात, सारखंच आहे तर प्रिंटिंग घेऊ, त्यात धंदा वाढतोय. पण 12 टक्क्यांनी एनपीव्ही, म्हणजे पुढच्या रोकडीची आजची किंमत वजा खरेदीची रक्कम, काढला तर डाय-कटिंग बरंच पुढे जातं. आकडे तेच, मग एक पद्धत बरोबरी सांगते आणि दुसरी का नाही? काकांना पटेल असं कसं सांगू?

घणसोलीकर

25 टक्के म्हणजे उत्तमच की. माझ्या म्युच्युअल फंडाला पाच वर्षांत इतकं सुटलेलं नाही. दोन्हीतलं कुठलंही घ्या.

पाचपाखाडी

घणसोलीकर, हे 25 टक्के फंडाच्या चक्रवाढ परताव्यासारखे नाहीत, त्यामुळे तुलना जुळणार नाही. सरासरी गुंतवणुकीऐवजी पूर्ण 12 लाखांनी भागलं की हाच आकडा साडेबारा होतो. मशीन विकणारे बहुतेक मोठा आकडा दाखवतात, म्हणून कशाने भागलंय ते आधी विचारावं. बँकेत प्रोजेक्ट फायनान्सला असताना असे प्रस्ताव बरेच पाहिले, त्यावरून सांगतो.

ताई, तुमच्या हिशेबात चूक नाही. सरासरी काढताना आपण चारही वर्षांचे नफे आधी एकत्र करतो आणि मग चाराने भागतो. एकदा बेरीज झाली की कुठला आकडा कुठल्या वर्षाचा, ही खूणच पुसली जाते. 3, 2, 1, 0 घ्या, उलटे घ्या, मधले अदलाबदल करा, बेरीज 6 च. एनपीव्हीत क्रम उलटा असतो. प्रत्येक वर्षाचा आकडा आधी त्या वर्षाच्या अंतरानुसार कमी करायचा आणि मगच बेरीज. पहिल्या वर्षाचे 6 लाख 1.12 ने भागून आजचे 5.36 होतात. तेच 6 लाख चौथ्या वर्षी आले तर 1.12 ने चार वेळा भागावं लागतं आणि 3.81 उरतात.

काकांना मात्र भागाकार सांगू नका, पैसे फिरवून दाखवा. डाय-कटिंगमध्ये पहिल्या वर्षाअखेर 3 लाख जास्त आले. ते 12 टक्क्यांनी कामाला लावले तर चौथ्या वर्षाअखेर 4.21 लाख होतात. दुसऱ्या वर्षाचा जास्तीचा एक लाख 1.25 होतो. तिसऱ्या वर्षी प्रिंटिंग एक लाखाने पुढे आहे, तो लाख वर्षभरात 1.12 होतो, आणि शेवटच्या वर्षी ते 3 लाखांनी पुढे. वजाबाकी करा: डाय-कटिंगवाल्याच्या हातात सुमारे 1.35 लाख जास्त उरतात. त्याची आजची किंमत साधारण 86 हजार. एआरआरला दिसत नाहीत ते हेच 86 हजार.

सीए_फायनल_कोपरखैरणे

मला वाटतं खरं कारण घसारा आहे. एआरआर नफ्यावर काढतात, एनपीव्ही रोकडीवर. एआरआर पण रोकडीवर काढा, फरक मिटेल. आणि एनपीव्ही मी शीटमध्ये काढला, डाय-कटिंग 1.87 आणि प्रिंटिंग 1.11 लाख येतो.

पाचपाखाडी

नफा आणि रोकड वेगळी, हे तुमचं बरोबर आहे, आणि उधारीवरच्या धंद्यात तर ते फार महत्त्वाचं. बिल मार्चमध्ये फाडलं की नफा मार्चचा, पैसे भले जूनमध्ये येवोत. पण या प्रश्नात त्याने फरक मिटत नाही. रोकडीची सरासरी काढून पाहा: दोन्हीकडे 18 लाख भागिले 4, म्हणजे साडेचार. पुन्हा बरोबरीच. वेळ हरवते ती सरासरीत, घसाऱ्यात नाही.

तुमचे एनपीव्हीचे आकडे मात्र कमी आलेत. तुम्ही सुरुवातीचे उणे 12 सुद्धा सूत्राच्या आत घातलेत का? शीटमधलं NPV पहिला आकडा वर्षाअखेरचा समजतं, त्यामुळे आज दिलेले 12 लाखही एक वर्ष मागे ढकलले जातात आणि सगळं उत्तर 1.12 ने भागलं जातं. खरेदीची रक्कम बाहेर ठेवा:

```
=NPV(12%,B2:B5)-12
```

B2 ते B5 मध्ये फक्त चार वर्षांची रोकड. मग डाय-कटिंग 2.10 आणि प्रिंटिंग 1.24 येईल.

सीए_फायनल_कोपरखैरणे

हो, आतच होते. आता 2.10 आणि 1.24 आले.

वर्तकनगरची_वहिनी

मला एआरआर वगैरे कळत नाही, पण आमच्या भिशीत हेच होतं. लिलावाच्या भिशीत पहिल्या महिन्यात उचलायची असेल तर बायका दोन-तीन हजार सोडून देतात, शेवटच्याला पूर्ण रक्कम मिळते. लवकर हातात येणाऱ्या पैशाची किंमत तिथे आम्हीच बोलून ठरवतो. मी यंदा मुलाच्या फीसाठी दुसऱ्या महिन्यात उचलली, तोटा झाला का मला?

पाचपाखाडी

वहिनी, सोडलेली रक्कम आणि तेवढ्या महिन्यांसाठी बाहेरून पैसे घेतले असते तर पडलं असतं ते व्याज, या दोन्ही शेजारी ठेवा. व्याज जास्त निघालं तर तोटा नाही.

रबाळेची_पुतणी

पैसे फिरवलेला हिशेब काकांना दाखवला, तो पटला. पण आता ते विचारतात, 12 टक्केच का? निम्मे पैसे त्यांचे एफडीतले आहेत, निम्मे कर्जाचे.

घणसोलीकर

मग एफडीचा दर धरा. स्वतःच्या पैशावर व्याज कुठे द्यायचंय?

पाचपाखाडी

मी एफडीचा दर धरणार नाही. एफडीत जोखीम नगण्य, खोक्यांच्या धंद्यात ग्राहक गेला की मशीन बसून राहतं. स्वतःच्या पैशावर काकांना किमान किती हवेत ते त्यांनीच सांगायचं, आणि कर्जाच्या व्याजाशी त्याची सरासरी घालायची.

हा दर नुसता उपचार नाही. 18 टक्के धरून पाहा: डाय-कटिंग अजून 66 हजारांनी वर राहतं, प्रिंटिंग जवळपास 45 हजारांनी खाली जातं. एआरआर मात्र दोन्हींचा अजूनही 25 टक्केच. प्रिंटिंगचा एनपीव्ही 16 टक्क्यांच्या जरा पुढे शून्याखाली जातो. म्हणून काकांचा आकडा 13 आहे की 17, हे ठरवावंच लागेल. उशिरा येणाऱ्या पैशावर दराचा मार जास्त बसतो.

सीए_फायनल_कोपरखैरणे

सर, माझा मुद्दा उलटा आहे. प्रिंटिंगचे चौथ्या वर्षाचे 6 लाख नुसते अंदाज आहेत. त्यासाठी दर वाढवण्यापेक्षा आकडाच कमी धरू नये का?

पाचपाखाडी

तसं करणारेही आहेत, मी त्याला चूक म्हणणार नाही. दोन्ही एकदम मात्र करू नका, नाहीतर एकाच जोखमीची वजावट दोनदा होते.

रबाळेची_पुतणी

काका 15 म्हणतात. आणखी एक: डाय-कटिंगच्या ग्राहकाचं पत्र फक्त पहिल्या वर्षाचं आहे. पुढचं तोंडी.

पाचपाखाडी

हे आधी यायला हवं होतं. तुमच्या 12 टक्क्यांवरच पाहा: दुसऱ्या वर्षी 5 ऐवजी 3 लाखच आले तर डाय-कटिंगचा एनपीव्ही 2.10 वरून साधारण 50 हजारांवर येतो, आणि प्रिंटिंगचे 1.24 पुढे जातात. 15 टक्क्यांनी दोन्ही पुन्हा मांडा. त्याआधी ग्राहकाकडून दुसऱ्या वर्षाचं प्रमाण लेखी मिळतंय का ते विचारा.

रबाळेची_पुतणी

सोमवारी काका स्वतः जाऊन भेटणार आहेत. काय म्हणतात ते इथेच लिहीन.