‘Claim’ बटणाला मराठीत काय म्हणावं: दावा करा, मिळवा की घ्या?

मंजिरी: एका मोबाइल गेमचं मराठी भाषांतर तपासते आहे. पातळी पार केली की पेटी उघडते आणि खाली ‘Claim’ बटण येतं. आधीच्या भाषांतरात ‘दावा करा’ आहे. वाचताना कोर्टात उभं राहिल्यासारखं वाटतं. ‘मिळवा’ चालेल का? शब्दाला दहा अक्षरांची मर्यादा घातलेली आहे.

अनंतराव: ‘दावा करा’मध्ये काय वाईट? विम्याचे कागद मी रोज भरतो, तिथे हाच शब्द लागतो. कोशातही आहे.

श्रीधर: अनंतराव, विम्यात तो बरोबरच आहे, कारण तिथे तुम्ही हक्क मांडता आणि समोरचा तो तपासतो. मराठीत दाव्याला नेहमी समोर कुणीतरी लागतो, म्हणून तर ‘उभा दावा’ म्हणजे वैर. पेटीतली नाणी खेळणाऱ्याची झालेलीच आहेत, त्यांच्यासाठी भांडायचं नाही.

मंजिरीताई, ‘मिळवा’ही नको. त्यात ‘अजून काहीतरी करा, मग मिळेल’ असा अर्थ येतो. दुकानातल्या जाहिरातीला तो शोभतो. जिंकून झालेल्या वस्तूसाठी आपण ‘घ्या’ म्हणतो. ‘बक्षीस घ्या’ ठेवा.

मंजिरी: अर्थ पटला. पण ‘बक्षीस घ्या’ तक्त्यात लाल होतं. ११ दाखवतंय, आणि ‘दावा करा’ ८ मध्ये बसतं. म्हणूनच तो शब्द टिकला असेल.

केतकी: मराठी इंग्रजीपेक्षा लांबच होते, बटण रुंद करायला सांगा.

श्रीधर: केतकी, परिच्छेदात बऱ्याचदा होते, पण इथे नाही. तक्ता ब, क, हलन्त, ष, वेलांटी, स असं सुटं मोजतो, मधली मोकळी जागाही धरतो. पडद्यावर डोळ्याला ब, क्षी, स, घ्या एवढी चारच अक्षरं दिसतात. तेव्हा आकडा सोडा आणि खऱ्या फोनवर रुंदी बघा.

रुंदीपेक्षा उंची जास्त त्रास देते. इंग्रजीसाठी आखलेल्या बटणात वरची वेलांटी आणि रफार कापले जातात. Android मध्ये `en-XA` ही खोटी भाषा लावून मजकूर फुगवून बघता येतो, पण त्यात अक्षरं रोमनच असल्याने देवनागरीची उंची कळत नाही. मी बटणावर ‘मूर्तींना’ हा शब्द टाकून बघतो. खाली दीर्घ ऊकार, वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार. तो अखंड दिसला की बाकीचं बहुतेक सगळं दिसतं.

मंजिरी: ‘घ्या’ लावून खेळून पाहिलं. पेटीवर छान बसतं, पण नकाशावर रिकामी जमीन ताब्यात घेतानाही ‘बक्षीस घ्या’ आलं!

श्रीधर: दोन्हीकडे एकच ओळ वापरली आहे. इंग्रजीत चालून गेलं, मराठीत या दोन वेगळ्या क्रिया आहेत. जमिनीला ‘काबीज करा’. कोड लिहिणाऱ्यांना ओळी वेगळ्या करायला सांगा, आणि बटण कुठे दिसतं हे वरती लिहायलाही सांगा. आधीच्या भाषांतरकाराला फक्त `btn_claim` दिसलं असणार, त्याला पेटी दिसलीच नसेल.

```
<!-- पातळी संपल्यावर, पेटीखाली -->
<string name="btn_claim_reward">बक्षीस घ्या</string>
<!-- नकाशा, रिकामी जमीन -->
<string name="btn_claim_land">काबीज करा</string>
```

केतकी: मग पेटी उघडल्यावरचं ‘तुम्हाला तलवार मिळाले’ पण बदला. ते मी खेळताना पाहिलंय, फार टोचतं.

मंजिरी: ती ओळ `तुम्हाला %1$s मिळाले` अशी आहे. नाव मागून भरलं जातं. तलवार मिळाली, बाण मिळाला, चिलखत मिळालं. प्रत्येक वस्तूची वेगळी ओळ करायची का? दोनशेच्या वर वस्तू आहेत.

श्रीधर: नको. क्रियापदाला स्वतःचं नाम द्या: `बक्षीस मिळालं: %1$s`. आता ‘मिळालं’ बक्षिसाशी जुळतं, पुढे काहीही येवो. संख्या हवी असेल तर ‘बाण × 3’. भरलेल्या नावाला प्रत्यय मात्र चिकटवू देऊ नका. `%1$sला` लिहिलं की ‘घोडा’चं ‘घोडाला’ होतं, ‘घोड्याला’ कधीच होणार नाही.

केतकी: ‘मिळालं’ की ‘मिळाले’? बाकी गेममध्ये ‘झाले’, ‘संपले’ असं लेखी वळण आहे.

श्रीधर: मी बोलीतलं घेईन, गेम माणसाशी बोलतो. पण मग ते सगळीकडे करावं लागेल.

अनंतराव: मला लेखीच बरं वाटतं. आणि मुलं खेळणार असतील तर ‘घ्या’ कशाला, ‘घे’ म्हणा ना.

मंजिरी: ते विचारलंय, उत्तर आलेलं नाही. तोवर ‘घ्या’ ठेवते. ओळी वेगळ्या करायचं मान्य झालंय. ‘मूर्तींना’ टाकून पाहिलं तर रफार कापला गेला. बटणाची उंची वाढवायला सांगितली आहे.