ग्राफिक्स कार्डावर एन्कोड केलं की फुटेजची माती होते का?

शटरवाला
‘सीपीयूवर रात्री कशाला जाळतोस, कार्ड वापर’ असं सांगणाऱ्या सगळ्यांनी एकदा स्वतःच्या फाइल नीट बघाव्यात. माझ्याकडे ९० तासांचं फुटेज आहे, १०८०, सेकंदाला ५० फ्रेम, ५० एमबीपीएस. बरंचसं लग्नांचं, बाकी जत्रा आणि जेजुरीची सोमवती. काल त्यातलं १० तासांचं कार्डावर चालवलं, सीपीयूवरच्या x265 ला दर्जासाठी देतो तेच `-crf 20` देऊन. भंडारा उधळतानाचा पिवळा चिखल झाला, चेहरे मेणाचे. तासाला २२ जीबीची फाइल ९०० एमबी झाली. कार्डावरचं एन्कोडिंग गेम खेळणाऱ्या पोरांसाठी ठीक, कामाच्या माणसांसाठी नाही.

फ्रेममोजणी
झोपायला निघालो होतो, पण हे वाचून परत बसलो. दोष कार्डाचा नाही, तुमच्या कमांडचा आहे, आणि पुरावा तुम्हीच लिहिलाय. तासाला ९०० एमबी म्हणजे बरोबर २ एमबीपीएस. कार्डाच्या `hevc_nvenc` एन्कोडरला `-crf` हा पर्यायच कळत नाही. ffmpeg थांबत नाही, फक्त लॉगमध्ये `has not been used for any stream` अशी ओळ टाकतो आणि बिटरेट न सांगितल्यामुळे स्वतःचा ठरलेला २ एमबीपीएस धरतो. मंगलाष्टकांचा स्थिर शॉट आणि भंडाऱ्याचा शॉट, दोन्हींचा बिटरेट जवळपास सारखाच निघाला असेल तर खात्री समजा. गुणवत्तेवर चालणारा एन्कोडर असं करत नाही, तो भंडाऱ्याला कितीतरी जास्त जागा देतो. असं चालवा:

```
ffmpeg -hwaccel cuda -i in.mp4 -c:v hevc_nvenc \
 -preset p6 -rc vbr -cq 24 -b:v 0 -bf 3 \
 -c:a copy out.mp4
```

आणि cq २४ म्हणजे crf २४ नव्हे. दोन्ही पट्ट्या वेगळ्या आहेत, आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.

शटरवाला
लॉग उघडला. ती ओळ आहे, प्रत्येक फाइलला आहे. मान्य. पण मग प्रोग्रामने गप्प का चालू राहावं? आणि तुम्ही म्हणता तसं करूनही x265 च्या स्लो प्रीसेटला ते गाठणार नाही, हे मी आजच लिहून देतो.

फ्रेममोजणी
गाठणार नाही, हे मीही लिहून देतो. एकाच आकाराच्या फाइलमध्ये x265 स्लो पुढेच राहील. तो एका फ्रेमचे तुकडे पाडायच्या शेकडो वाटा तपासतो. कार्डावरची चिप ठराविक वाटाच बघते, म्हणून तर वेग आहे. प्रश्न इतकाच, की तेवढाच दर्जा मिळवायला कार्डाला जागा किती जास्त लागते आणि ती जागा तुम्हाला परवडते का.

माझा सहा कोअरचा सीपीयू स्लोवर सेकंदाला १२ फ्रेम काढतो. तुमच्या ९० तासांत १ कोटी ६२ लाख फ्रेम आहेत, म्हणजे साडेपंधरा दिवस, रात्रंदिवस. माझं कार्ड २०० फ्रेम काढतं, म्हणजे साडेबावीस तास. लग्नाच्या फुटेजला मला x265 वर साधारण ७ एमबीपीएस लागतात, तसंच दिसायला कार्डावर १०. नव्वद तासांवर फरक सव्वाशे जीबीचासुद्धा नाही. तेवढ्यासाठी दोन आठवडे मशीन अडकवायचं?

कीर्तन लाइव्ह
आमच्या सप्ताहाचं कीर्तन गेली तीन वर्षं लॅपटॉपच्या कार्डावरूनच लाइव्ह जातं, ६ एमबीपीएसवर. बुवांच्या फेट्याची घडीसुद्धा दिसते. उगाच वाद घालताय.

शटरवाला
महाराज, लाइव्हला पर्यायच नसतो, तिथे फ्रेम वेळेत निघाली पाहिजे. इथे साठवणीचं चाललंय.

नगरी पीसी
मोठं कार्ड घ्या, विषय संपला. जितके कोअर जास्त तितका दर्जा चांगला. मी जीटीएक्स १६५० विकून मोठं घेणारच आहे.

फ्रेममोजणी
कार्ड बदलून फायदा होईल, पण तुम्ही सांगताय त्या कारणाने नाही. एन्कोडिंग कोअरवर होत नाही, त्यासाठी वेगळा छोटा भाग असतो. एकाच पिढीच्या स्वस्त आणि महाग कार्डात तो सहसा सारखाच असतो, चित्रही सारखंच येतं. फरक पिढीचा. १६५० हेच नेमकं फसवं कार्ड: नाव ट्युरिंग पिढीचं, पण सुरुवातीच्या १६५० मध्ये एन्कोडर आधीच्या व्होल्टाचा बसवलेला. त्याला HEVC मध्ये बी-फ्रेम जमत नाहीत. वरची कमांड तुमच्याकडे `-bf 3` वर अडेल.

नगरी पीसी
अडली. हे दुकानदाराने सांगायला नको होतं का? खोक्यावर एन्कोडरची पिढी छापायला काय जातं? पंखे किती, दिवे किती, ते मात्र मोठ्या अक्षरात.

टेपवाली
तुम्ही सगळे दर्जावर भांडताय आणि एकानेही विचारलं नाही की मूळ फाइलचं काय करणार. मीही असंच बॅच लावून वडिलांच्या टेपांवरच्या फाइल लहान केल्या आणि मूळ पुसल्या. चार महिन्यांनी कळलं की मध्ये वीज गेली होती. अकरा फाइल अर्ध्यावर तुटलेल्या, एकीत आवाजच नाही. त्या एकीत आई जात्यावरची ओवी म्हणत होती. आई आता नाही.

नगरी पीसी
वाईट झालं, ताई. पण दोष एन्कोडरचा नाही, यूपीएस हवा होता.

टेपवाली
यूपीएसवर ढकलू नका. दोष पुसण्याचा होता, आणि पुसण्याची घाई या वेगानेच लावली. पंधरा दिवस लागले असते तर मी रोज एकेक फाइल उघडून पाहिली असती.

शटरवाला
ताई, दोन टीबी सांभाळायचे म्हणजे दोन प्रती, म्हणजे दोन डिस्क. गिऱ्हाईक अल्बमचे पैसे वर्षभर देत नाही, डिस्कचे कोण देणार?

टेपवाली
मग ज्याचं लग्न आहे त्याला तसं आधी सांगा! लोक समजतात फोटोवाल्याकडे सगळं कायमचं आहे. तुम्ही त्यांच्या नकळत त्यांच्या आठवणी दाबून ठेवता आणि वर गिऱ्हाइकाला नावं ठेवता.

फ्रेममोजणी
दोघेही थांबा. टेपवालींचं म्हणणं पटतं, थोडं उशिरा पटलं. आता मी प्रत्येक फाइलचा कालावधी `ffprobe` ने मुळाशी ताडतो, ऑडिओ ट्रॅक मोजतो आणि शेवटचं मिनिट स्वतः बघतो. मूळ त्यानंतरही महिनाभर ठेवतो.

टेपवाली
महिना कमी आहे.

शटरवाला
नव्या कमांडने रात्री पुन्हा चालवलं. लग्नाचे शॉट ठीक आहेत. टीव्हीवर बायकोला न सांगता दोन्ही दाखवले, तिला ओळखता आले नाहीत, मलाही दोनदाच आले. तेवढं तुमचं खरं. भंडाऱ्याचं मात्र माझंच खरं निघालं. cq २४ वर हवेतली भुकटी अजून चिकटते. १९ वर आणलं तेव्हा कण सुटे दिसले, पण त्या क्लिपचा बिटरेट ३४ एमबीपीएसवर गेला. x265 ने तीच क्लिप तशीच राखून २१ मध्ये बसवली.

फ्रेममोजणी
तिथे मी हरलो. उधळलेल्या भुकटीत मागच्या फ्रेममधून उचलण्यासारखं काही उरत नाही, तिथे चिपची घाई उघडी पडते. एक विचारतो: `-spatial_aq 1` लावलं होतंत का? ते सपाट भागाला जागा देतं आणि गर्दीच्या भागाची काढून घेतं. अंधाऱ्या मांडवाला बरं, भंडाऱ्याला घातक.

शटरवाला
लावलं होतं, कुठेतरी वाचून. काढून बघतो. असं भंडाऱ्याचं एकूण ९ तास आहे. ते सीपीयूला देतो, तुमच्याच हिशेबाने साडेसदतीस तास. बाकी ८१ तास कार्डावर.

टेपवाली
नऊ तासांचं मूळ फुटेज २०० जीबीच होतं. ते तसंच का ठेवत नाही?

शटरवाला
एक प्रत ठेवतो. दुसरीचं बघू.