प्रतिसाद: टाचेखालचा टॉवेल

>> "गुडघ्यातल्या एसीएल या लिगामेंटच्या ऑपरेशनला १२ दिवस झाले. गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं. व्यायामाच्या शीटवर मात्र टाचेखाली टॉवेल लिहिलाय. उशी चालेल का?"

नका घेऊ. उशीवर गुडघा किंचित वाकलेला राहतो, म्हणून दुखत नाही. पण त्याच स्थितीत तो आखडतो आणि पुढे लंगडत चालावं लागतं. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली अशी ठेवा की पोटरी आणि गुडघा अधांतरी राहतील. ५ ते १० मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. मागे ताण जाणवणारच. त्याच स्थितीत मांडीचा पुढचा स्नायू ५ सेकंद आवळा. गुडघ्याची वाटी वर सरकताना दिसली पाहिजे.

माझी चूक सांगते. पाय सरळ उचलण्याचे ३० रिपीटेशन मी रोज पुरे करायचे, पण उचलताना गुडघा थोडा वाकायचा. फिजिओताईंनी ते थांबवून चार दिवस फक्त स्नायू आवळायला लावला, मग पाय सरळ उचलला गेला. आकड्यापेक्षा गुडघा सरळ राहतो का ते बघा.

मेनिस्कसला, म्हणजे गुडघ्यातल्या गादीलाही टाके असतील तर वाकवण्याची मर्यादा शीटवरचीच पाळा. पोटरी सुजून दुखू लागली तर व्यायाम सोडून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.