अनुभव धागा: गाईडना प्रकरणाचा मसुदा पाठवताना मेलमध्ये काय लिहिलंत?

शब्दवेल: आधुनिकतावादी कादंबरीवर एम.ए.चा लघुप्रबंध किंवा पीएच.डी. केलेल्यांनो, कच्चं प्रकरण गाईडना पाठवताना मेल कसा लिहिलात आणि उत्तर काय आलं? माझ्या वहिनीला लवकरच पाठवायचंय. साचेबंद नमुने नकोत, तुमचं घडलेलं सांगा.

माळरान: माझं दुसरं प्रकरण व्हर्जिनिया वुल्फच्या 'मिसेस डॅलोवे'वर (१९२५) होतं. मेल इंग्रजीत होता, मजकूर साधारण असा:

"आदरणीय मॅडम, दुसऱ्या प्रकरणाचा पहिला मसुदा जोडला आहे (Ch2_Dalloway_draft1.docx, २८ पानं). प्रकरणाचं म्हणणं असं की या कादंबरीतला निवेदक नाहीसा झालेला नाही. तो पात्रांच्या मनांतून ये-जा करतो आणि लंडनमधला तो एक दिवस बांधून ठेवतो. दोन ठिकाणी तुमचं मत हवं आहे. पान ९ ते १३ वरचं विमानाच्या प्रसंगाचं वाचन या म्हणण्याला पुरतं का? पान २१ वरची जॉइसशी तुलना ठेवू की गाळू? समारोप आणि संदर्भांची मांडणी बाकी आहे, ती आत्ता पाहिली नाहीत तरी चालेल. महिनाअखेरीस समितीपुढे सादरीकरण आहे. पंधरा तारखेपर्यंत कळलं तर दुरुस्तीला वेळ मिळेल. भेटून बोलणं सोयीचं असेल तर विभागात येते."

मॅडमनी नेमक्या त्याच दोन जागा बारकाईनं वाचल्या. त्या प्रसंगात विमान धुरानं आकाशात अक्षरं काढतं. रस्त्यावरची एक बाई 'ग्लॅक्सो' वाचते, दुसरी 'क्रीमो', आणि सेप्टिमसला वाटतं, ही खूण आपल्यालाच चाललीय. मी त्याचा गोषवारा दिला होता. मॅडमचा शेरा आला, 'एका मनातून दुसऱ्या मनात जाताना वाक्य कुठे वळतं ते दाखव.' मग वाक्यावाक्यानं बसले. सर्वनाम 'ती' किंवा 'तो', काळ भूतकाळ, अवतरणचिन्हं नाहीत, तरी शब्द मात्र पात्राचे. माझं प्रकरण खरं तर तिथंच उभं राहिलं. तुलनेबद्दल त्या म्हणाल्या, 'युलिसिस'च्या शेवटी मॉली स्वतःच 'मी' म्हणून बोलते, मध्ये निवेदक नाही; हा फरक तुझ्या कामाचा आहे, पण अर्ध्या पानात उरक.

चौकट: एवढा लांब मेल कोण वाचतं? दोन ओळी पुरे. आणि पीडीएफच पाठवा, पानं हलत नाहीत. वुल्फ काय, जॉइस काय, दोघंही संज्ञाप्रवाहवाले. त्यात भेद काढत बसलं की परीक्षक वैतागतात.

जुनापिंपळ: मी बरीच वर्षं मार्गदर्शक होतो. पानं हलतात हे चौकट यांचं खरं आहे, वर्डची फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की पान ९ चं १० होतं. म्हणून पानासोबत उपशीर्षकही लिहावं. पण मला वर्डच हवी असे, कारण शेरे वाक्याशेजारीच टाकता येतात. लांबीचं म्हणाल तर, नुसतं 'कृपया पाहावे' असा मेल आला की विद्यार्थ्याचं अडलंय कुठे ते कळत नसे, आणि माझा वेळ शुद्धलेखनात जाई. प्रकरणाचं म्हणणं एका वाक्यात आलं की वाचताना धरायला काहीतरी मिळतं.

दुसरा मुद्दा मात्र मान्य नाही. 'युलिसिस'चा (१९२२) शेवट आणि 'डॅलोवे' एकाच नावाखाली घातले की प्रकरण कुठल्याही आधुनिकतावादी कादंबरीला लागू पडेल असं गुळमुळीत होतं. 'डॅलोवे'तला उतारा घ्या, 'ती'च्या जागी 'मी' आणि भूतकाळाच्या जागी वर्तमानकाळ घालून वाचा. वाक्य बहुतेकदा जुळतं, पण निवेदक पात्रापासून जे किंचित अंतर राखतो ते जातं. काय गेलं, तेच प्रकरणात लिहायचं.

गवाक्ष: मी एका नियतकालिकाला लेख पाठवलाय, संपादकांचं उत्तर नाही. किती थांबावं?

शब्दवेल: गवाक्ष, तो वेगळा विषय आहे, त्यासाठी स्वतंत्र धागा काढा ना.

रानफूल: मी मराठी विभागातली, प्रकरण मर्ढेकरांच्या 'रात्रीचा दिवस'वर (१९४२). आमचे सर पडद्यावर वाचत नाहीत. मेलमध्ये मी 'प्रत विभागात ठेवली आहे' एवढंच लिहायची आणि प्रश्न छापील प्रतीच्या पहिल्या पानावर पेनानं. विचारलं होतं, पाश्चात्त्य प्रभावाची चर्चा पुरेशी आहे का? सरांनी ती सगळी पानं काढायला लावली, आधी कादंबरीतली वाक्यं वाच म्हणाले. पानं काढली, पण ती चर्चा हवी होती असं मला अजूनही वाटतं.

जुनापिंपळ: रानफूल, मी ती ठेवायला सांगितली असती, पण तुमच्या वाचनानंतर.

शब्दवेल: वहिनी विचारतेय, उत्तर आलं नाही तर आठवण कधी करावी?

माळरान: मी मेलमधली तारीख उलटल्यावर, त्याच मेलला उत्तर म्हणून दोन ओळी लिहिल्या. मधल्या काळात सुधारलेला मसुदा मात्र पाठवू नका. गाईडनी जुन्यावर शेरे घातलेले असले तर सगळा घोळ होतो.

चौकट: मी तर थेट फोन करतो.

रानफूल: आमच्याकडे फोन चालतच नाही. वहिनींचे गाईड कसे आहेत?